ते वाक्य नेमकं कुणाचं?

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका कथेतलं एकच वाक्य कापून, त्याचं चित्र करून कुणीतरी फिरवलं. वाक्य होतं: ‘एकट्या राहणाऱ्या मुलींना घर दिलं की असंच होतं.’ खाली प्रश्न होता, एक बाई असून हिला असं लिहवतं तरी कसं? संध्याकाळपर्यंत ते चित्र माझ्या जवळच्या मैत्रिणीपर्यंत पोचलं होतं. तिने फोन केला.

“हे तू खरंच लिहिलंयस?”

“लिहिलंय मीच. पण म्हणतायत नाना.”

“नाना म्हणतायत असं कुठे लिहिलंय?”

तिचं बरोबर होतं, कुठेच लिहिलेलं नव्हतं. अवतरणचिन्हं नव्हती, ‘नाना म्हणाले’ नव्हतं, ‘नानांच्या मनात आलं’ही नव्हतं. कथेतला तो परिच्छेद असा:

‘नानांनी घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. खाली फाटक वाजलं. एकट्या राहणाऱ्या मुलींना घर दिलं की असंच होतं. आता उद्या सोसायटीत तोंड दाखवायचं कसं? नानांनी दिवा मालवला आणि खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला.’

घड्याळ नानांनी पाहिलं हे सांगणारी मी आहे, म्हणजे कथेची निवेदक. पडदा बाजूला केल्याचं सांगणारीही मीच. मधली दोन वाक्यं मात्र माझी नाहीत, तरी ती माझ्याच वाक्यांच्या रांगेत, तशाच कपड्यांत उभी आहेत. कथा वाचणाऱ्याला सहसा हे कळतं, पण कसं कळलं ते सांगता येत नाही. म्हणूनच ते वाक्य कापून बाहेर काढलं की कुणालाही ते लेखकाचं मत वाटू शकतं. कथा-कादंबऱ्यांमधली वाक्यं अशी सुटी फिरायला लागल्यापासून हा घोळ वरचेवर होतो. त्यामागची लेखनाची रीत एकदा नीट बघून ठेवण्यासारखी आहे.

शाळेतल्या दोन पद्धती

दुसऱ्याचं बोलणं किंवा विचार सांगण्याच्या दोन पद्धती आपण शाळेत शिकलो आहोत: प्रत्यक्ष कथन आणि अप्रत्यक्ष कथन. एक साधा प्रसंग घेऊ. शालिनी रात्री स्वयंपाकघरात पिठाचा डबा उघडते आणि पीठ संपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी नणंद येणार आहे.

प्रत्यक्ष कथनात हे असं येईल: ‘शालिनीने डबा उघडला. तिच्या मनात आलं, “अगं बाई, पीठ संपलं! आणि उद्या वन्सं येणार. आता मी काय करू?”’ इथे शब्द शालिनीचे आहेत आणि अवतरणचिन्हांच्या कुंपणात आहेत. कुंपणाबाहेर निवेदक, आत शालिनी.

अप्रत्यक्ष कथनात: ‘शालिनीने डबा उघडला. पीठ संपल्याचं तिच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी नणंद आल्यावर काय करावं याची तिला काळजी वाटू लागली.’ इथे कुंपण गेलं, पण शालिनीचा आवाजही गेला. ‘अगं बाई’ गेलं. ‘वन्सं’ची ‘नणंद’ झाली, ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ झाला. माहिती सगळी मिळाली, पण एखाद्या अहवालातून मिळावी तशी.

आता हे वाचा: ‘शालिनीने डबा उघडला. पीठ संपलं होतं. आणि उद्या वन्सं येणार! त्यांना काय, बसल्या जागी गरम भाकरी हवी. गिरणी सातलाच बंद होते हे यांना किती वेळा सांगायचं? तिने डबा बंद केला.’

कुंपण नाही, ‘तिला वाटलं’ नाही, ‘मी’ तर नाहीच. तरी शालिनी पुरती हजर आहे, तिच्या वैतागासकट. या तिसऱ्या पद्धतीला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. अप्रत्यक्ष अशासाठी, की निवेदन तृतीय पुरुषातच राहतं. मुक्त अशासाठी, की ‘तिला वाटलं की’ या खुंटीला ते बांधलेलं नसतं. नाव जड आहे, म्हणून पुढे मी त्याला नुसतं मिसळलेलं निवेदन म्हणेन.

घरात हे आपण रोज करतो

नाव पुस्तकी असलं तरी गोष्ट घरातलीच आहे. एखादी भाची मामाबद्दल सांगते: “मामाला पुण्याला यायचं नाही. पुण्यात आहे काय? गर्दी, धूर आणि पाण्याची बोंब. गावात कसं, हात धुवायला अंगणात गेलं तरी चार माणसं विचारतात.” ऐकणाऱ्या कुणालाही वाटत नाही, की पुण्याबद्दलचं हे मत भाचीचं आहे. ती स्वतः पुण्यातच राहते आणि खुशीत राहते. पहिलं वाक्य तिचं, पुढची मामाची. तिने मामाचा सूर उसना घेतला, आणि तो घेताना आपल्या सुरातली थोडी माया किंवा थोडी कुरकुर त्यात मिसळली.

समोरासमोर हे सहज कळतं, कारण भाचीचा आवाज बदलतो, भुवया वर जातात, मामा हात कसा झटकतो तेही ती करून दाखवते. कागदावर भुवया नसतात. तिथे हे सगळं काम शब्दांनाच करावं लागतं, आणि शब्द चुकले किंवा वाचणारा घाईत असला की उसना सूर घेणाऱ्याचाच वाटतो.

एकदा तर हे प्रकरण थेट कोर्टात गेलं.

आरशासमोरची एमा

फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’ १८५६च्या अखेरीस पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः छापून आली. नॉर्मंडीतल्या लहानशा गावात राहणाऱ्या, साध्याशा डॉक्टरशी लग्न झालेल्या एमाची ही गोष्ट. लहानपणी मठाच्या शाळेत चोरून वाचलेल्या प्रेमकथा तिच्या डोक्यात घर करून बसल्या आहेत, आणि समोरचा संसार त्यांच्यासारखा नाही. सार्वजनिक नीतिमत्तेला आणि धर्माला बाध आणल्याचा आरोप ठेवून सरकारने लेखक, नियतकालिकाचे एक चालक आणि मुद्रक या तिघांवर खटला भरला. जानेवारी १८५७च्या अखेरीस सुनावणी झाली. सरकारतर्फे एर्नेस्ट पिनार उभे राहिले.

पिनार यांनी कोर्टात वाचून दाखवलेल्या उताऱ्यांपैकी एक आरशासमोरचा होता. जवळच्या जमीनदाराबरोबर, रोदोल्फबरोबर, एमा पहिल्यांदा वाहवत गेली आहे आणि घरी येऊन आरशात बघते आहे. मजकूर साधारण असा: स्वतःच्या चेहऱ्याचं तिला नवल वाटलं. तिचे डोळे इतके मोठे, इतके काळे, इतके खोल कधीच नव्हते. मग ती मनाशी घोकते, “मला प्रियकर आहे! प्रियकर!” त्यानंतर मजकूर पुन्हा तृतीय पुरुषात येतो: तर आता अखेर तिला प्रेमाची ती सुखं मिळणार होती, ज्यांची आशा तिने सोडून दिली होती. ती एका अद्भुत प्रदेशात पाऊल टाकत होती, जिथे सगळं काही उत्कट, बेभान, धुंद असणार होतं.

हे सावकाश बघू. मधलं वाक्य प्रत्यक्ष कथन आहे, ते एमाचंच, त्यात वाद नाही. पण डोळ्यांबद्दलचं वाक्य कुणाचं? एका दुपारीत कुणाचे डोळे मोठे होत नाहीत. निवेदक डोळ्यांचं माप देत नाही, आरशात एमाला काय दिसलं ते देतो. फक्त ‘तिला वाटलं’ हे शब्द गाळतो. पुढच्या वाक्यातले ‘तर’ आणि ‘अखेर’ हे दोन छोटे शब्द बघा. मूळ फ्रेंचमध्येही ते आहेत. ‘तर’ हा मनातल्या मनात हिशेब जुळल्यावर येणारा शब्द आहे, आणि ‘अखेर’ हा वाट बघणाऱ्याचा. निवेदकाला कसलीच वाट बघायची नव्हती. वाट एमा बघत होती. आणि ती ‘उत्कट, बेभान, धुंद’ची माळ? ती मठात वाचलेल्या प्रेमकथांच्या भाषेतली आहे. त्याच ठिकाणी थोडं पुढे कादंबरी सांगते, की वाचलेल्या पुस्तकांतल्या नायिका एमाला आठवल्या.

म्हणजे व्यभिचार सुखाचा असतो असं फ्लोबेर सांगत नाहीत. तो सुखाचा असणार असं त्या क्षणी एमाला वाटतंय, आणि ज्या शब्दांत वाटतंय ते शब्दही तिने उसने आणलेले आहेत, एवढंच त्या ओळींत आहे.

पिनार यांना वाचता येत नव्हतं असं मात्र समजू नका. एमा व्यभिचाराचं गुणगान गाते आहे, असंच ते म्हणाले, आणि प्रत्यक्ष घसरण्यापेक्षाही हे गाणं जास्त घातक आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची खरी अडचण पुढे होती. या पुस्तकात या बाईला दोषी ठरवू शकेल असा कोण आहे, असं त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं: कुणीही नाही. त्याआधीच्या कितीतरी कादंबऱ्यांमध्ये निवेदक अशा ठिकाणी पुढे येई आणि वाचकाला समजावून सांगे, की बघा, ही कशी भरकटली. इथे तो येत नाही. तो एमाच्या शब्दांत बोलतो आणि बाजूला होतो. तिचं गाणं तसंच हवेत राहतं.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६०च्या दशकात या खटल्याकडे पुन्हा लक्ष वेधलं. निवाड्याची जी सवय वाचकांना होती ती या शैलीने मोडली आणि म्हणून लोक बिथरले, असं त्यांनी दाखवलं. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती एक तारीख. या पद्धतीला फ्रेंच भाषेत नाव मिळालं १९१२ साली, जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ शार्ल बाली यांच्या लेखातून. म्हणजे १८५७च्या त्या कोर्टात सरकारी वकील, बचावाचे वकील, न्यायाधीश आणि खुद्द लेखक, सगळे ज्या गोष्टीभोवती भांडत होते तिला नावच नव्हतं. ७ फेब्रुवारी १८५७ला तिघेही निर्दोष सुटले, पण पुस्तक कडक ताशेऱ्याला पात्र आहे हे न्यायालयाने निकालात नोंदवलंच.

फ्लोबेर यांनी ही रीत शोधून काढली असंही नाही. इंग्रजीत जेन ऑस्टिन यांनी ती चाळीस वर्षं आधीच लीलया वापरली होती. पण रीत किती खोल जाऊ शकते आणि किती गोंधळ घालू शकते, हे पॅरिसच्या त्या कोर्टात जितकं उघड झालं तितकं तोवर झालं नव्हतं.

मराठीत ओळखायचं कसं

फ्रेंच-इंग्रजी पुस्तकांत याच्या खुणा सांगतात त्या बऱ्याचशा काळावर उभ्या असतात. त्या भाषांमध्ये अप्रत्यक्ष कथन करताना क्रियापद भूतकाळात ढकलावं लागतं. मिसळलेल्या निवेदनात क्रियापद असं मागे गेलेलं असतं आणि ‘आत्ता’, ‘उद्या’ हे शब्द मात्र पात्राच्या घड्याळाप्रमाणे चालतात. ही फट दिसली की वाचक सावध होतो.

मराठीत ही खूण अर्धीच लागू पडते. ‘ती म्हणाली की मी उद्या येते’ हे आपलं रोजचं अप्रत्यक्ष कथन आहे. त्यात काळ ढकलायची सक्ती नाही, ‘मी’सुद्धा तसाच ठेवता येतो. शिवाय कर्ता न सांगताही आपलं वाक्य धडधाकट उभं राहतं. ‘आता काय करायचं?’ यात ‘मी’ नाही आणि ‘ती’ही नाही. त्यामुळे मराठीत मिसळलेलं निवेदन फार सहज लिहिता येतं आणि त्याच कारणाने ते निसटतंही. पण आपल्याकडे काही खुणा अशा आहेत ज्या युरोपातल्या भाषांना मिळणं कठीण.

पहिली खूण नात्यांची. शालिनीच्या परिच्छेदात परत जा. ‘वन्सं’ हा शब्द जगात फक्त नवऱ्याच्या बहिणीसाठी आहे, आणि तोही भावजयीच्या तोंडी. निवेदकाला कुणी वन्सं नसते. पुढे ‘हे यांना किती वेळा सांगायचं’ असं आहे. तिथला ‘यांना’ म्हणजे नवरा, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तृतीय पुरुषातल्या निवेदनात नवऱ्याचा उल्लेख ‘हे’ असा आला, की वाक्य बायकोच्या डोक्यातून आलं आहे हे ठरलंच. आदरार्थी रूपांचंही तसंच. कथेत एखाद्या साहेबांना निवेदक सगळीकडे ‘ते’ म्हणतो आणि मध्येच एका वाक्यात ‘आला मोठा शिकवणारा’ असं येतं, तेव्हा तो एकेरी शिपायाचा असतो. कोण कुणाला काय म्हणतं याची इतकी बारीक व्यवस्था आपल्या भाषेत आहे, की एका शब्दावरून वक्ता हुडकता येतो.

दुसरी खूण ‘आपण’. ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. ‘मी का म्हणून ऐकून घ्यायचं?’ ‘आपण का म्हणून ऐकून घ्यायचं?’ ‘तिने का म्हणून ऐकून घ्यायचं?’ पहिलं सरळ तिच्या तोंडचं, फक्त अवतरणचिन्हं काढलेली. तिसरं पुरतं मिसळलेलं: ‘तिने’ निवेदकाचं आणि ‘का म्हणून’ तिचं. मधलं ‘आपण’ या दोघांच्या मध्ये उभं आहे. ‘मी’इतकं ते आत नाही आणि ‘ती’इतकं बाहेर नाही. मनाशी बोलणारं माणूस मराठीत खरोखर स्वतःला ‘आपण’ म्हणतं, त्यामुळे आपल्या कथाकारांना हा शब्द आयताच मिळाला आहे. फक्त ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही-आम्ही सगळे’ असाही होतो. आजूबाजूला दोन-चार माणसं असतील तर कोणता ‘आपण’ हे लिहिणाऱ्याने एकदा तपासावं.

तिसरी खूण उद्गारांची आणि लहान शब्दांची: ‘म्हणे’, ‘मेलं’, ‘चांगलं’, ‘उगाच’, ‘एकदाचं’. ‘पाहुणे एकदाचे गेले’ यातलं ‘एकदाचे’ कंटाळलेल्याचं आहे. ‘तो म्हणे आजारी होता’ यातलं ‘म्हणे’ विश्वास न बसलेल्याचं आहे. वाक्यात मत किंवा भावना दिसली, की ती बाळगणारा कोण आहे ते शोधायचं.

आणि एवढं करूनही शंका उरली तर एक साधी परीक्षा आहे. वाक्यातल्या ‘ती’च्या जागी ‘मी’ घालून बघा. ‘मी का म्हणून ऐकून घ्यायचं’ हे नीट बसतं, म्हणजे वाक्य तिचं असू शकतं. ‘तिच्या कपाळावर घामाचे थेंब चमकत होते’ याचं ‘माझ्या कपाळावर घामाचे थेंब चमकत होते’ केलं की अडतं, कारण आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही. ते वाक्य बाहेरून बघणाऱ्याचं आहे. काही वाक्यं दोन्हीकडे बसतात. ‘पाऊस थांबला होता’ हे निवेदकाचंही असेल आणि खिडकीशी उभ्या असलेल्या शालिनीचंही. अशा वाक्यांचा निकाल लावायचा हट्ट धरू नये. दोन आवाजांमधले सांधे बहुतेक वेळा अशाच वाक्यांवर असतात.

मग सरळ ‘मी’च का लिहू नये?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. मनातलंच द्यायचं तर गोष्ट त्या माणसालाच सांगू द्यावी, मधला निवेदक हवा कशाला?

नानांच्या परिच्छेदात त्याचं उत्तर आहे. तोच परिच्छेद ‘मी’ने लिहिला तर शेवट असा होईल: ‘मी दिवा मालवला आणि खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला.’ हे वाचताना पहिला प्रश्न येतो, की हा माणूस हे आपल्याला का सांगतोय? त्याला लाज वाटतेय का, की फुशारकी आहे? ‘मी’ने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याने सांगायची म्हणून निवडलेली असते. नानांना आपण चोरून बघतोय हे स्वतःशीही कबूल करायचं नाही. दिवा मालवणं त्यांच्या लेखी वीज वाचवणं असेल. हात ते करून जातो आणि मन दुसरंच बोलत राहतं. मन आणि हात यांच्यातलं हे अंतर दाखवायला बाहेर उभं असलेलं कुणीतरी लागतं, आणि मन तर आतूनच ऐकू यायला हवं. मिसळलेल्या निवेदनात ही दोन्ही कामं एकाच परिच्छेदात होतात.

ज्यांच्याकडे शब्द कमी आहेत अशा पात्रांसाठीही ही रीत फार उपयोगी पडते. सात वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगायला बसवलं तर सगळी गोष्ट त्याच्या शब्दसंग्रहात अडकते. निवेदक सोबत असला की तो रस्ता, हवा, घर आपल्या शब्दांत सांगतो आणि नेमक्या जागी मुलाचा शब्द ठेवतो: ‘बाबांची बॅग दारात होती. म्हणजे बाबा परत जाणार. पण त्यांनी तर दोन झोपा राहणार म्हणून सांगितलं होतं.’ ‘दोन झोपा’ एवढ्या दोन शब्दांत मूल येऊन जातं.

कुठे बिघडतं

नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथा वाचताना दोन चुका मला सारख्या दिसतात.

पहिली चूक पात्राच्या तोंडी न बसणाऱ्या भाषेची. वरच्याच मुलाबद्दल पुढे ‘नात्यांमधली ही पोकळी कधी भरून निघणार होती का?’ असं आलं, तर प्रश्नचिन्हामुळे वाक्य मुलाच्या मनातलं असल्याचं भासतं, पण ‘पोकळी’ हा शब्द त्याचा नाही. लेखकाने त्याच्या डोक्यात आपलं वाक्य सरकवलं. वाचक ते नेमकं सांगू शकत नाही, त्याला नुसतं खोटं वाटतं. यावर उपाय म्हणजे ते वाक्य त्या माणसाच्या आवाजात मोठ्याने म्हणून बघणं. जीभ अडखळली की शब्द बदलायचा.

दुसरी चूक एका डोक्यातून दुसऱ्यात उड्या मारण्याची. ‘सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. आता चहा कोण करणार! सून काय, मोबाइल मांडीवर घेऊन बसणार. दिवसभर राबायचं आणि वर हे ऐकायचं.’ शेवटचं वाक्य कुणाचं? सासूचं की सुनेचं? दोघीही तसं म्हणू शकतात, आणि वाचक मध्येच लटकतो. एका डोक्यातून दुसऱ्यात जायचंच असेल तर मध्ये निवेदकाचं एक स्वच्छ, बाहेरचं वाक्य लागतं: ‘सुनेने मोबाइल खाली ठेवला आणि ती उठली.’ तेवढ्या एका पायरीवरून वाचक न धडपडता पलीकडे जातो.

‘तिला वाटलं’, ‘त्याच्या मनात आलं’ असं प्रत्येक ओळीला लावलं तर गोंधळ टळतो, हे खरं आहे. पण मग वाचक पात्राच्या जवळ कधी जातच नाही. दर वेळी दारावरची पाटी वाचून आत शिरावं लागतं. दृश्याच्या सुरुवातीला एकदा पाटी लावायची आणि नंतर दार उघडं ठेवायचं, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

म्हणजे लेखक सुटला?

‘ते मी नाही, पात्र म्हणालं’ असं सांगून लेखक काहीही लिहून मोकळा होईल, ही शंका मला रास्त वाटते. पात्राचा सूर उसना घेण्याची मुभा लेखकाला असते, पण कोणता सूर घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि त्याच्या आधी-नंतर काय ठेवायचं हे सगळं लेखकानेच ठरवलेलं असतं. शंभर पानं एकाच माणसाचा तिरस्कार मिसळून ओतला आणि त्याला अडवणारं एकही दृश्य, एकही हालचाल पुस्तकात ठेवली नाही, तर त्याचा जाब लेखकालाच विचारायला हवा. पिनार यांनी विचारलेला प्रश्न, या पुस्तकात दुसरी बाजू कुठे आहे, हा वाचकाने विचारावा असाच आहे. फक्त त्याचं उत्तर सुट्या वाक्यात सापडत नाही, ते वाक्यांच्या मांडणीत शोधावं लागतं. एमाच्या धुंदीचं उत्तर कादंबरी पुढे देते. प्रेमातही तिला संसारातलाच तोचतोपणा सापडतो, आणि ते निवेदक सांगतो तेव्हाही पुन्हा तिच्याच नजरेतून.

आमच्या नानांच्या परिच्छेदात मांडणीचा भार पडद्याच्या वाक्यावर आहे. मुलीवर नजर ठेवणारा माणूस अंधारात उभा राहून पडदा सरकवतो, तिथे माझं म्हणणं आहे, आणि ते नेमकं कापलेल्या चित्राबाहेर राहिलं. म्हणून मी मैत्रिणीला अख्खी कथा पाठवली. मला खात्री होती की वाचून ती म्हणेल, आता कळलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पडद्याचं तिला पटलं होतं. “पण पुढच्या पानावर बघ,” ती म्हणाली, “तिथे तू लिहिलंयस, ‘ती मुलगी नेहमीच उशिरा येत असे.’ हे कोण सांगतंय? यात नाना कुठेच दिसत नाहीत. हे तूच सांगतेयस. मग वाचणाऱ्याला वाटणारच ना, की नानांचं खरं आहे आणि लेखिकाही त्यांच्याच बाजूची आहे.”

मी पान उघडून बघितलं. वाक्य थंड, सरळ, निवेदकाच्या आवाजातलं होतं. ‘मी’ घालायला त्यात जागा नव्हती, नानांचा एकही शब्द नव्हता. ‘येत असे’ हे तर खास निवेदकाचं रूप, नाना आयुष्यात असं बोलले नसते. मुलगी रुग्णालयात पाळीवर काम करते, तिच्या आठवड्यातल्या तीनच पाळ्या उशिराच्या असतात, हे मला लिहिताना ठाऊक होतं. तरी नानांच्या नजरेतलं ‘नेहमीच’ मी माझ्या आवाजात पक्कं करून टाकलं होतं.

कथा पुस्तकात जायची होती, तेव्हा ते वाक्य बदललं. आता तिथे असं आहे: ‘या आठवड्यातली ही तिसरी रात्र. नानांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक फुली मारली.’